डोटा २ : साध्या लॅपटॉपवर गर्दीच्या टीमफाइटमध्ये खेळ सुरळीत राहू शकतो का?

कोरांटी

नमस्कार मंडळी. डोटा २ मी बरीच वर्षे खेळते आहे, पण त्यासाठी खास घेतलेले यंत्र माझ्याकडे नाही. लॅपटॉप अगदी साधा आहे: इंटेलचा आय३-१००५जी१ प्रोसेसर, म्हणजे दोनच कोअर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, एसएसडी आणि १३६६ × ७६८ ची ६० हर्ट्‌झची स्क्रीन.

लेनमध्ये असताना मला साधारण ७० एफपीएस मिळतात आणि तोवर कोणतीही तक्रार नसते. पण रोशनच्या गुहेपाशी दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडले, आणि त्यातही समोर फँटम लान्सर असला, की हा आकडा २५ वर येतो. मधूनच चित्र क्षणभर थिजते, आणि ते पुन्हा हलू लागेपर्यंत माझे ब्लॅक किंग बार दाबायचे राहून गेलेले असते. सामना जिथे ठरतो नेमक्या त्याच वीस-तीस सेकंदांत लॅपटॉप साथ सोडतो, हे मला फार लागते.

प्रश्न असा आहे की ही या यंत्राची अंतिम मर्यादा समजायची, की टीमफाइटपुरती तरी परिस्थिती सुधारता येते? नवा लॅपटॉप घेणे हा पर्याय सध्या माझ्यापुढे नाही, तेव्हा कृपया तो सोडून लिहावे.

बुरुज

उत्तर सोपे आहे. व्हिडिओच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सगळे काही सर्वांत खालच्या पातळीवर आणा आणि `Game Screen Render Quality` ही पट्टी ५० टक्क्यांवर ओढा. दोष ग्राफिक्सचाच आहे. खात्री करायची असेल, तर टास्क मॅनेजर उघडा ठेवून एक सामना खेळा. टीमफाइट चालू असताना प्रोसेसर १०० टक्के भरलेला दिसला नाही, तर तो मोकळा आहे आणि अडचण ग्राफिक्सची आहे असे समजायचे.

पाणकणीस

मलाही हाच त्रास होतो. टीमफाइटच्या ऐन वेळी हिरो जागच्या जागी थांबतात आणि नंतर एकदम पुढे उडी मारतात. माझ्या बाबतीत पिंग ४० वरून २०० च्या पुढे जातो असे दिसले. वायफाय सोडून केबल लावल्यावर पुष्कळ फरक पडला. तुम्हीही प्रथम इंटरनेट तपासावे, असे मला वाटते.

वाटाड्या

पाणकणीस, तुमचा त्रास खरा आहे, पण धागाकर्तीचा त्रास वेगळा दिसतो. दोन्हींना आपण सरसकट लॅग म्हणतो, त्यामुळे उपाय चुकीच्या ठिकाणी होतात. ते वेगळे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. टीमफाइटमध्ये चित्र अडखळले की लगेच माउस स्क्रीनच्या कडेला नेऊन कॅमेरा सरकवून पाहावा. कॅमेरा पूर्णपणे तुमच्या यंत्रावर चालतो, त्याचा सर्व्हरशी संबंध नसतो. कॅमेरा लोण्यासारखा सरकतो आहे पण हिरो मात्र गोठलेले किंवा उड्या मारत असलेले दिसतात, तर दोष जोडणीचा. कॅमेराच अडखळत सरकतो आहे, तर दोष यंत्राचा. पिंग न वाढताही खेळ अडखळतो याचे कारण हेच आहे.

कोरांटी, तुम्ही हे पाहून सांगाल का? त्याबरोबर बुरुज यांनी सुचवलेले रेंडर क्वालिटीचेही करून पाहा. ती चाचणी चांगली आहे, फक्त तिचा निष्कर्ष काय निघतो ते आपण नंतर बोलू.

कोरांटी

दोन्ही करून पाहिले. कॅमेराच अडखळतो आणि पिंग स्थिर राहतो. रेंडर क्वालिटी १०० वरून ५० वर आणल्यावर लेनमधले एफपीएस ७० वरून ९० च्या पुढे गेले, पण टीमफाइटमध्ये २५ चे जेमतेम २७ झाले आणि चित्र मात्र फारच धूसर दिसू लागले. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर त्या वेळी ६० टक्क्यांच्या आसपास दिसत होता. म्हणजे बुरुज म्हणतात त्याप्रमाणे प्रोसेसर मोकळा असेल, तर ग्राफिक्सवरचा भार निम्म्याहून कमी करूनही आकडा का हलला नाही?

वाटाड्या

तुमच्या या निरीक्षणातच उत्तर दडलेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेंडर क्वालिटी कमी केली की खेळ कमी पिक्सेल रंगवतो. हे काम फक्त ग्राफिक्सचे असते आणि प्रोसेसरला त्याचा काही फायदा होत नाही. लेनमध्ये एफपीएस वाढले, याचा अर्थ तिथे ग्राफिक्सची मर्यादा होती. टीमफाइटमध्ये ते वाढले नाहीत, याचा अर्थ तिथे ग्राफिक्स वाट पाहत थांबलेले आहे आणि उशीर प्रोसेसरकडून होतो आहे. एकाच सामन्यात, एकाच यंत्रावर, दोन वेगळ्या वेळी अडसर दोन वेगळ्या ठिकाणी असतो. लेनमध्ये घेतलेल्या आकड्यांवरून टीमफाइटसाठी सेटिंग्ज ठरवू नयेत, ते एवढ्यासाठी.

आता त्या ६० टक्क्यांविषयी. तुमच्या प्रोसेसरमध्ये दोन कोअर आणि चार थ्रेड आहेत, आणि टास्क मॅनेजर या चौघांची सरासरी दाखवतो. खेळाचे बरेचसे काम वाटून घेता येते, पण सगळे नाही. एक मुख्य थ्रेड असा असतो की त्याचे काम संपल्याशिवाय पुढची फ्रेम तयार होऊ शकत नाही. तो एकटा पूर्ण भरला आणि बाकीचे अर्धे रिकामे राहिले, तरी सरासरी ६० दिसते. त्यामुळे एकूण आकडा १०० नाही म्हणून प्रोसेसर मोकळा आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

फँटम लान्सरचाच विचार करा. लढाई रंगली की त्याच्या प्रतिमा भराभर वाढत जातात. कुणी कुठे चालायचे, कुणाला किती इजा झाली, हे सर्व्हर ठरवतो, पण प्रत्येक प्रतिमेची हालचाल सांध्या-सांध्याने मोजणे, तिच्या अंगावरच्या वस्तूंसह ती चितारण्याचे आदेश ग्राफिक्सला देणे, तिची सावली, तिच्या डोक्यावरची रक्ताची पट्टी, तिच्या प्रत्येक फटक्याचा आवाज आणि ठिणग्या, हे सगळे तुमच्याच प्रोसेसरला करावे लागते. त्यात टाइडहंटरचे रॅव्हेज आणि एनिग्माचे ब्लॅक होल एकाच वेळी पडले, की कणांचे हिशेब वाढतात. २५ एफपीएस म्हणजे एका फ्रेमला ४० मिलिसेकंद लागत आहेत, आणि ६० साठी ती १६.७ मध्ये व्हायला हवी. अंतर मोठे आहे. ते पूर्ण भरून निघेल असे मी म्हणणार नाही, पण बरेच कमी होण्याची शक्यता मला दिसते.

बुरुज

सरासरीचा मुद्दा पटला. तरीही सेटिंग्ज खाली आणण्याचा सल्ला मी मागे घेणार नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर सावल्या बंद केल्यावर टीमफाइटमध्ये स्पष्ट फरक जाणवला होता. ग्राफिक्सचा संबंधच नसेल, तर तो फरक कशामुळे पडला?

वाटाड्या

सावल्यांच्या बाबतीत तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. सावली पाडायची म्हणजे तीच आकृती प्रकाशाच्या बाजूने पुन्हा एकदा चितारायची, आणि तिचेही आदेश प्रोसेसरच देतो. त्यामुळे प्रतिमांची गर्दी असेल तेव्हा सावल्या बंद केल्याने दोघांचाही भार उतरतो. `Effects Quality` खाली आणल्यानेही कणांचे काम काही प्रमाणात घटते. रेंडर क्वालिटीचे तसे नाही. म्हणून सेटिंग्ज सरसकट खाली आणण्याऐवजी प्रोसेसरचे काम वाढवणाऱ्या सेटिंग्ज बंद कराव्यात आणि रेंडर क्वालिटी ७० च्या आसपास ठेवावी, म्हणजे गर्दीत कोण कुठे उभा आहे ते तरी नीट दिसेल.

देवचाफा

माझा अनुभव लिहितो. माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी नसून जुनी फिरती हार्ड डिस्क होती. सामन्यातली पहिली मोठी टीमफाइट नेहमी भयंकर अडखळायची, दुसरी कमी आणि नंतरच्या ठीक चालायच्या. डिस्क बदलल्यावर पहिलीही ठीक झाली. त्यामुळे डिस्क तपासा, असे मी सुचवेन.

तिसरा_प्रहर

देवचाफा, कोरांटी यांनी एसएसडी असल्याचे पहिल्याच प्रतिसादात लिहिले आहे. पण तुम्ही सांगितलेली खूण उपयोगी आहे. पहिल्यांदा अडखळून नंतर ठीक होत असेल, तर एखादी गोष्ट पहिल्यांदा वाचली किंवा तयार केली जात असते. प्रत्येक टीमफाइटमध्ये तितकेच अडखळत असेल, तर कारण दुसरे असते. कोरांटी, तुमचे कोणत्या प्रकारचे आहे?

कोरांटी

प्रत्येक टीमफाइटमध्ये अडखळते, आणि सामना लांबला की जास्तच.

नवखा

एक शंका आहे. या सगळ्याची चाचणी घ्यायची तर प्रत्येक सामना वेगळा, प्रत्येक टीमफाइट वेगळी. मग सेटिंगने फरक पडला की लढाईच लहान होती, हे कसे कळणार? हिरो डेमोमध्ये जाऊन फँटम लान्सर उभा करायचा, समोर पाच-सहा शत्रू आणून तिथे मोजायचे, असे केले तर चालेल का?

वाटाड्या

शंका अतिशय योग्य आहे. पण हिरो डेमोमध्ये एक अडचण आहे. तिथे सर्व्हर दूर कुठे नसतो, तो तुमच्याच लॅपटॉपवर चालतो. म्हणजे सामन्यात सर्व्हर करतो ती मार्ग शोधण्याची आणि इजा मोजण्याची कामेही तुमच्याच दोन कोअरवर येऊन पडतात, आणि आकडे खऱ्या सामन्यापेक्षा वाईट येतात. स्वतःच्या यंत्रावर बॉट घेऊन खेळलेल्या सामन्याचेही तसेच.

त्यापेक्षा स्वतःचा रिप्ले घ्यावा. ज्या सामन्यात अडखळले त्याचा रिप्ले उतरवून कॅमेरा खेळाडूच्या नजरेतून ठेवायचा, म्हणजे दर वेळी तोच प्रसंग त्याच कोनातून दिसतो. टीमफाइटच्या दोन मिनिटे आधीपासून रिप्ले साध्या वेगाने चालू द्यायचा. थेट त्या क्षणावर उडी मारू नये, कारण उडी मारताना यंत्रावर जो भार येतो तो पुढची काही सेकंदे मोजणी बिघडवतो. प्रत्येक बदलानंतरची पहिली फेरी सोडून द्यावी आणि दुसरीचे आकडे घ्यावेत. रिप्लेमध्ये नेटवर्कचा भाग नसतो आणि तुमच्या स्वतःच्या आज्ञाही नसतात, त्यामुळे आकडे सामन्याइतकेच येतील अशी अपेक्षा ठेवू नये. दोन सेटिंग्जची तुलना करण्यासाठी मात्र ही पद्धत विश्वासार्ह आहे.

मोजायला `CapFrameX` वापरता येईल. त्यात सरासरी एफपीएसकडे न बघता सर्वांत लांबलेल्या फ्रेमांकडे बघा. तीस सेकंदांच्या लढाईची सरासरी ४० आली, तरी त्यात १२० मिलिसेकंदांच्या चार फ्रेम असू शकतात, आणि तुमचे ब्लॅक किंग बार त्या चारांमध्येच अडकते. त्याच वेळी `HWiNFO` मध्ये प्रोसेसरचा क्लॉक आणि पॅकेज पॉवर यांची नोंद चालू ठेवा. सामना लांबला की त्रास वाढतो असे तुम्ही लिहिलेत, त्यामुळे मला एक दाट शंका आहे. आकडे आले की बोलू.

साळुंखी

हा धागा वाचून माझेही प्रश्न सुटत आहेत, वाटाड्या यांचे आभार. रॅमबद्दल कुणीच बोललेले नाही, म्हणून लिहिते. माझ्याकडे याच प्रकारचा लॅपटॉप आहे आणि त्यातही ८ जीबीची एकच पट्टी होती. तशीच दुसरी पट्टी बसवल्यावर लेनमधले एफपीएस बरेच वाढले आणि टीमफाइटमध्येही सुधारणा झाली, पण थोडी. ज्या लॅपटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, तिथे ग्राफिक्स आणि प्रोसेसर दोघेही तीच रॅम वापरतात. एक पट्टी म्हणजे एकच मार्ग, दोन पट्ट्या म्हणजे दोन मार्ग. पट्टी घेण्यापूर्वी आत दुसरी जागा रिकामी आहे का, हे अवश्य पाहावे, कारण काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते आणि जागा मुळातच नसते.

कोरांटी

मोजून झाले. सांगितल्याप्रमाणे रोशनपाशी झालेली एक टीमफाइट निवडली, समोर फँटम लान्सर असलेली आणि सुमारे अर्धा मिनिट चाललेली.

मूळ सेटिंग्जवर, एफपीएसला कोणतीही मर्यादा न घालता, लढाईच्या मध्यावर २५ ते २७ एफपीएस आणि सर्वांत लांब फ्रेम ११० मिलिसेकंदांची. पण मला आश्चर्य वाटले ते क्लॉकच्या आकड्याचे. प्रोसेसरचा टर्बो वेग ३.४ गिगाहर्ट्‌झ आहे असे कागदावर आहे, आणि टीमफाइट चालू असताना तो १.९ ते २.० वर होता! तापमान ७८ अंश होते, म्हणजे फार नाही. पॅकेज पॉवर मात्र सतत १५ वॅटला चिकटून होती. टीमफाइटच्या आधी, हिरो नुसते चालत असतानाही ती १५ च होती.

वाटाड्या

हीच शंका होती. उष्णतेमुळे वेग घटला असता, तर तापमान ९५ ते १०० च्या जवळ दिसले असते. तुमच्या यंत्राला वीज कमी पडते आहे.

या प्रोसेसरची दीर्घकाळची वीजमर्यादा १५ वॅट आहे, आणि त्या १५ वॅटमध्ये प्रोसेसरचे कोअर आणि ग्राफिक्स दोघांनी भागवायचे असते. तुम्ही एफपीएसला मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे लेनमध्ये, जेव्हा काहीच घडत नसते, तेव्हाही ग्राफिक्स जमतील तितक्या फ्रेम काढत राहते, आणि तुमची स्क्रीन ६० हर्ट्‌झची असल्यामुळे ६० च्या वरची एकही फ्रेम तुम्हाला पूर्ण दिसत नाही. ती वीज वाया जाते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की इंटेलचे हे प्रोसेसर थोड्या वेळासाठी १५ वॅटच्या बरेच वर जाऊ शकतात, पण मागच्या काही वेळातली सरासरी खर्चाची पातळी १५ च्या खाली असेल तरच. ही उसळी बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आसपास टिकते. लॅपटॉपच्या उत्पादकाने काय ठरवले आहे त्याप्रमाणे कमी-जास्त होते. टीमफाइटही तेवढीच चालते. याचा अर्थ, लेनमध्ये आणि जंगलात फिरताना वीज वाचवली, तर ती शिल्लक नेमकी टीमफाइटमध्ये खर्चायला मिळते. तुमच्याकडे लढाई सुरू होण्याआधीच शिल्लक शून्य असते.

उपाय साधा आहे. व्हिडिओच्या सेटिंग्जमध्ये कमाल एफपीएसची पट्टी ६० वर आणा, किंवा कन्सोलमध्ये हे लिहा:

```
fps_max 60
```

रेंडर क्वालिटी ७० ठेवा, सावल्या बंद करा, `Effects Quality` खाली आणा. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असू द्या, कारण अनेक यंत्रे बॅटरीवर असताना ही मर्यादा आणखी खाली आणतात. मग तोच रिप्ले पुन्हा मोजा. प्रथम नुसती मर्यादा घालून आणि नंतर बाकीचे बदल करून, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळेल.

बुरुज

हा मुद्दा मला माहीत नव्हता. पण एक विचारतो: ६० ची मर्यादा घातल्याने एफपीएस वाढतील, हे ऐकायला उलटे वाटते. टीमफाइटमध्ये तर आपण ६० च्या जवळपासही नसतो. मग मर्यादा तिथे कामाला येते कशी?

तिसरा_प्रहर

टीमफाइटमध्ये ती कामाला येतच नाही. ती आधीच्या दोन मिनिटांत काम करते. शिल्लक तिथे साठते.

कोरांटी

आकडे देते. नुसती ६० ची मर्यादा आणि रेंडर क्वालिटी ७० केल्यावर, टीमफाइटच्या आधीची पॅकेज पॉवर १५ वरून १० ते ११ वॅटवर आली. लढाई सुरू होताच ती २० च्या वर गेली आणि क्लॉक २.९ पर्यंत चढला. लढाईतले एफपीएस ३६ ते ३८. त्यानंतर सावल्या बंद आणि इफेक्ट्स खाली केल्यावर ४१ ते ४३, आणि सर्वांत लांब फ्रेम ११० वरून ५८ मिलिसेकंदांवर आली.

शेवटच्या सात-आठ सेकंदांत क्लॉक पुन्हा २.३ वर घसरतो आणि एफपीएस ३३ होतात. म्हणजे अर्ध्या मिनिटाची जी उसळी तुम्ही सांगितलीत, ती इथे तेवढीही टिकत नाही. तरीही दोन सामने खेळून पाहिले, आणि गोठण्याचा प्रकार जवळजवळ गेला आहे. मनापासून आभार.

नवखा

२५ वरून ४२! हे पैसा खर्च न करता झाले, हे फार आवडले. माझ्याही लॅपटॉपवर आजच करून पाहतो.

तिसरा_प्रहर

आनंद झाला. मात्र एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. मर्यादा ६० ऐवजी ४५ करावी. टीमफाइटमध्ये ४२ मिळणार असतील, तर लेनमध्ये ६० ची सवय लावून ऐन वेळी ४२ वर उतरण्यापेक्षा सगळीकडे ४५ असलेले बरे. हाताला आणि डोळ्याला एकच वेग कळतो. शिवाय लेनमध्ये आणखी दोन-तीन वॅट वाचतील, म्हणजे शेवटच्या त्या सात-आठ सेकंदांतही वेग टिकेल.

वाटाड्या

वीज वाचेल हे खरे, पण ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर ४५ मला पटत नाही. स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनी ताजी होते, आणि ४५ चा त्याच्याशी मेळ बसत नाही. काही फ्रेम एक फेरी टिकतात, काही दोन. त्यामुळे आकडा स्थिर असूनही कॅमेरा सरकवताना चित्र हलके हिसके देते. मेळ बसणारा पुढचा आकडा ३० आहे, पण त्यात प्रत्येक क्लिकचा परिणाम दिसायला अधिक उशीर लागतो, आणि डोटामध्ये तो उशीर मला मान्य नाही.

तिसरा_प्रहर

हिसके मलाही दिसतात, पण मला त्यांचा त्रास होत नाही. वेग अचानक बदलण्याचा होतो. मी स्वतः ४५ वर खेळतो आणि सामन्याच्या शेवटच्या टप्प्यातली माझी टीमफाइट त्यामुळे जास्त भरवशाची झाली आहे. कोरांटी यांनी दोन्ही आकड्यांवर तोच रिप्ले मोजून आणि मग प्रत्यक्ष खेळून ठरवावे.

साळुंखी

मी ६० च्याच बाजूची आहे. लास्ट हिट घेताना फरक कळतो.

पाणकणीस

माझ्या बाबतीत कॅमेऱ्याची चाचणी केली. कॅमेरा सुरळीत सरकतो आणि हिरो उड्या मारतात, म्हणजे माझा दोष जोडणीचाच ठरला. पण केबल लावूनही टीमफाइटमध्ये कधीकधी तसे होते. गर्दी झाली की नेटवर्कवरही जास्त माहिती येते का?

वाटाड्या

हो, येते. जेवढी पात्रे दिसतात तेवढ्यांची स्थिती सर्व्हर सेकंदाला ३० वेळा पाठवतो, त्यामुळे प्रतिमांच्या गर्दीत पाकिटे मोठी होतात. एरवी ती सहज मावतात, पण त्याच जोडणीवर घरात कुणी मोठी फाइल चढवत असेल, तर नेमकी तेव्हाच गळती दिसते. खेळातली नेटवर्कची माहिती स्क्रीनवर दाखवण्याची सोय चालू करून त्यातले लॉसचे आकडे पाहा. फक्त पिंग पाहू नका.

देवचाफा

कोरांटी यांनी व्हल्कन वापरून पाहिले आहे का? स्टीममध्ये खेळाच्या लाँच ऑप्शन्समध्ये

```
-vulkan
```

लिहायचे. प्रोसेसरवरचा चितारण्याच्या आदेशांचा भार त्याने कमी होतो असे सांगतात, आणि तुमची अडचण तीच आहे.

कोरांटी

काल करून पाहिले. लढाईतले एफपीएस ४२ चे ४५ झाले, पण सर्वांत लांब फ्रेम ५८ वरून ९० वर गेली. पहिल्यांदा कुणी ब्लॅक होल टाकले तेव्हा चित्र स्पष्टपणे थबकले, दुसऱ्यांदा टाकले तेव्हा नाही. सरासरी सुधारली आणि नेमका त्रास वाढला, असे दिसते.

वाटाड्या

पहिल्यांदाच थबकते आणि नंतर नाही, म्हणजे त्या इफेक्टचा शेडर त्या क्षणी तयार होत असावा. काही सामने खेळल्यावर, बहुतेक हिरोंचे शेडर साठून झाल्यावर, हे कमी व्हायला हवे. पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला की ही साठवण पुन्हा करावी लागते. तुमच्या ग्राफिक्सवर शेवटी कोणते बरे ठरेल, याबद्दल मी ठाम सांगू शकत नाही. काही यंत्रांवर मी डीएक्स ११ अधिक स्थिर चाललेले पाहिले आहे, काहींवर व्हल्कन.

बुरुज

मी आठवडाभर व्हल्कनवरच खेळलो आहे आणि थबकणे पूर्ण थांबले आहे, पण माझ्याकडे एएमडीचा प्रोसेसर आहे. त्यामुळे कोरांटी यांना तो अनुभव जसाच्या तसा लागू होईल असे नाही.

कोरांटी

तूर्त `-dx11` वर परत आले आहे आणि मर्यादा ६० ठेवली आहे. ४५ वर रिप्ले मोजला, तेव्हा शेवटच्या सेकंदांतली घसरण ३३ ऐवजी ३७ वर थांबली, म्हणजे तिसरा_प्रहर यांचे गणित बरोबर आहे. पण कॅमेऱ्याचे हिसके माझ्या डोळ्यांना सहन होत नाहीत. लॅपटॉप उघडून पाहिला, रॅमसाठी दुसरी जागा रिकामी आहे. साळुंखी, तुम्ही बसवलेली पट्टी पहिलीच्याच वेगाची होती का? आणि ती बसवल्यावर रॅम अधिक वीज खाते म्हणून १५ वॅटच्या हिशेबात काही फरक पडला का, हे मोजले होते का?

साळुंखी

वेग तोच होता, २६६६. रॅमची वीज पॅकेजच्या आकड्यात येते की नाही हे मी पाहिलेले नाही. या शनिवारी माझ्या लॅपटॉपवर एक पट्टी काढून आणि पुन्हा लावून फँटम लान्सरचा एखादा रिप्ले मोजते आणि क्लॉकसह आकडे इथेच देते.